तेरीज जुळली!

तिसगावात बारावी कॉमर्सची शिकवणी घेताना माझी एकच ऐट होती : फळ्यावरची तेरीज कधी चुकत नसे. कर्जरोख्यांनी ती उतरवली.

गणित सोपं होतं. कंपनीने १०० रुपयांचे १,००० कर्जरोखे ९५ रुपयांना विकले. पाच वर्षांनी ते १०५ रुपयांनी एकरकमी फेडायचे. मी झोकात किर्द लिहिली : बँक नावे ९५,०००, बट्टा नावे ५,०००, कर्जरोखे जमा १,००,०००. दोन्ही बाजू लाख. हातावरचा खडू झटकला.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, वरचे पाच हजार?"

"ते पाच वर्षांनी बघू."

"पण द्यायचे तर आजच कबूल केलेत ना?"

आता मास्तराने माघार कशी घ्यायची? मी खोलात शिरलो. "अगं, प्रीमियम म्हणजे अधिमूल्य, म्हणजे वरकमाई," असं म्हणत तो नफ्याला जमा करायला निघालो. देणाऱ्याला नफ्यात बसवणारा जिल्ह्यातला पहिला हिशेबनीस मीच असेन.

ती शांतपणे म्हणाली, "आमच्या अण्णांनी कुणाकडून ९५ उसने घेतले आणि १०५ द्यायचा शब्द दिला, तर आई त्याच दिवशी म्हणते, दहाला बुडालात."

तिच्या आईने एका वाक्यात सगळा धडा संपवला होता. मुकाट्याने फळा पुसला आणि लिहिलं : बँक नावे ९५,०००, कर्जरोखे विक्रीवरील तोटा नावे १०,०००, कर्जरोखे जमा १,००,०००, परतफेडीवरील अधिमूल्य जमा ५,०००. तोट्यातले पाच हजार बट्ट्याचे, पाच हजार दिलेल्या शब्दाचे. हे अधिमूल्य कंपनीची कमाई नसून देणं आहे. ते पाच वर्षं ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसून राहतं आणि शेवटी कर्जरोख्यांसोबत १,०५,००० च्या चेकने मिटतं. दहा हजारांचा तोटा मी शिकलो तेव्हा दरसाल २,००० असा नफा-तोट्याला टाकत. प्रतिभूती अधिमूल्याची शिल्लक असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बट्टा आणि हे अधिमूल्य त्यातूनही भागवता येतं.

गंमत अशी, की आधीच्या चुकीच्या नोंदीतही तेरीज जुळतच होती. नोंद दोन्हीकडून राहिली, तर तेरजेला पत्ता लागत नाही. चूक पकडायची तर खतावणीतले कर्जरोखे आणि अधिमूल्य मिळून शेवटच्या दिवशीच्या चेकएवढे होतात का, ते पाहायचं. माझ्या पहिल्या नोंदीत ते पाच हजारांनी कमी पडत होते.

बाजाराच्या दिवशी तिचे अण्णा भेटले. "काय सर, शिकवणी कशी चाललीय?"

"तेरीज जुळतेय," मी म्हणालो.

अण्णा समाधानाने मान डोलवत पुढे गेले. मागे पिशवी धरून उभी असलेली ती मात्र तोंडावर ओढणी धरून हसत होती.