मूक खडा आणि बोलके नातेवाईक

ज्या खड्याने आपल्या अस्तित्वाची मालकाला कधीही जाणीव करून दिलेली नसते आणि ज्याची वार्ता केवळ सोनोग्राफीच्या कागदावरून फुटते, त्याला पित्ताशयातला मूक खडा म्हणतात. त्याला शोधायला कोणी गेलेले नसते. तपासणीचे पॅकेज सवलतीत मिळाले, विम्याला कागद हवा होता किंवा प्रोस्टेट तेवढे बघून घ्यायचे होते, अशा कारणांनी पोटावर जेल लावले जाते आणि यकृताच्या खालच्या पिशवीत काहीतरी पांढरे चमकते. त्याच्या मागे काळी सावली पडली आणि रुग्णाला कुशीवर वळवल्यावर ते जागचे हलले, तर तो खडाच. या तपासणीआधी सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगतात, कारण उपाशीपोटी पित्ताशय भरलेले असते आणि आतले स्पष्ट दिसते. वाटेत वडापाव खाऊन आलेल्याचे पित्ताशय आक्रसते. मग सोनोग्राफी करणारे डॉक्टर दुसऱ्या दिवशीची वेळ देतात आणि रुग्ण मशीनला नावे ठेवतो.

यकृत दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. त्यातले काही पित्ताशयात साठते आणि तिथे पाणी शोषले गेल्यामुळे दाट होते. जेवणातली चरबी लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचली की एक संप्रेरक रक्तात उतरते, पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्त नळीतून आतड्यात सोडले जाते. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झाले किंवा पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली, की स्फटिक जमतात आणि त्यांचे खडे बनतात. पिशवीत पडून राहिलेला खडा दुखत नाही. आकुंचनाच्या वेळी तो पिशवीच्या तोंडाशी अडकला, तरच कळ येते. त्यामुळे खड्याचा आकार आणि दुखणे यांचा हिशोब जुळतोच असे नाही. मोठा खडा जन्मभर स्वस्थ बसतो, तर एखादा बारीक खडा नळीत उतरून स्वादुपिंडाला सूज आणतो.

ठाण्यातल्या एका बँकेतील चौपन्न वर्षांच्या गृहस्थांचे प्रकरण नमुन्यादाखल घेता येईल. रिपोर्टमध्ये लिहिलेले असते : अनेक खडे, सर्वांत मोठा ९ मिलिमीटर, पित्ताशयाची भिंत २ मिलिमीटर, मुख्य पित्तनलिका ४ मिलिमीटर. भिंत ३ मिलिमीटरच्या आत आणि नलिका साधारण ६ च्या आत, म्हणजे सूज नाही आणि अडथळाही नाही. यकृताच्या रक्ततपासण्याही ठीक असतात. परंतु गृहस्थांनी फक्त ‘अनेक’ हा शब्द वाचलेला असतो. त्या क्षणापासून त्यांना ढेकर येतो तो खड्यांचा, पोट फुगते ते खड्यांनी आणि शनिवारी रात्री मिसळ खाल्ल्यावर छातीत जळजळते तीही खड्यांमुळेच.

वास्तविक खड्याच्या कळेची ओळख वेगळी आहे. ती बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी सुरू होते, चढत जाते आणि एकसारखी टिकून राहते. निदान अर्धा तास, बहुधा काही तास. उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत ती जाऊ शकते, पुष्कळदा रात्री येते आणि ढेकर दिल्याने, वारा सरल्याने किंवा अॅसिडिटीची गोळी घेतल्याने हटत नाही. जळजळ, गॅस आणि गुबारा हे बहुतेक वेळा स्वतंत्र धंदे असतात. ते थांबावेत म्हणून पित्ताशय काढले, तर ऑपरेशननंतरही ते पूर्वीच्याच उत्साहाने चालू राहतात.

काढावे की ठेवावे, यावर शल्यचिकित्सकांचेही मत बदललेले आहे. १९११ मध्ये अमेरिकेतील नामवंत सर्जन विल्यम मेयो यांनी निरुपद्रवी खडा ही भ्रामक कल्पना असल्याचे लिहिले आणि पुढची कित्येक दशके खडा दिसला की पिशवी काढावी, हा विचार जोरात राहिला. १९८२ मध्ये मिशिगन विद्यापीठातील १२३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या मूक खड्यांवर अनेक वर्षे नजर ठेवली होती. पाच वर्षांत सुमारे दहा टक्के, दहा वर्षांत पंधरा आणि पंधरा वर्षांत अठरा टक्के लोकांना कळ आली. बाकीच्यांचे खडे गप्प राहिले. ही मंडळी विद्यापीठातली आणि बहुतेक पुरुष असल्यामुळे तेच आकडे सर्वांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण नंतरच्या अभ्यासांचा कलही ढोबळमानाने तोच आहे. शिवाय खडे बोलू लागतात तेव्हा बहुधा आधी साध्या कळेने बोलतात. गंभीर गुंतागुंत हीच पहिली खूण असणे कमी वेळा घडते. त्यामुळे थांबणाऱ्याला सहसा निर्णय बदलायला वेळ मिळतो.

दुसऱ्या पारड्यात ऑपरेशन आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी भारतातले पहिले दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे ऑपरेशन केले. तेव्हापासून चार लहान छिद्रांतून हे काम होते आणि रुग्ण एकदोन दिवसांत घरी जातो. तरीही हजारात साधारण तीन ते पाच जणांच्या मुख्य पित्तनलिकेला इजा होते आणि ती दुरुस्त करणे हे मूळ ऑपरेशनपेक्षा कितीतरी मोठे काम असते. जो खडा दुखतच नाही, त्याच्यासाठी हा धोका लहान असला तरी फुकटचा ठरतो. म्हणून मूक खड्याला सर्वसाधारण सल्ला एकच : थांबा आणि लक्षात ठेवा.

या नियमाला अपवाद आहेत. खडा ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साचले असेल किंवा आत १० मिलिमीटरपेक्षा मोठा पॉलिप असेल, तर कर्करोगाच्या शक्यतेमुळे सर्जन पिशवी काढण्याकडे झुकतात. उत्तर भारतातल्या गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग जास्त आढळतो, म्हणून तिथला सर्जन ठाण्यातल्या सर्जनपेक्षा लवकर सुरी हाती घेतो. सिकलसेलच्या रुग्णाचा विचारही वेगळा करतात, कारण त्याच्या पोटात दुखले तर ते खड्याचे की सिकलसेलचे, हे ओळखणे कठीण जाते. नुसता मधुमेह आहे म्हणून मूक खडा काढण्याची पद्धत मात्र मागे पडली आहे. ठाण्याच्या गृहस्थांना यातला एकही अपवाद लागू होत नाही. डॉक्टर थांबायला सांगतात आणि गृहस्थ थोडे हिरमुसतात.

डॉक्टर थांबले की नातेवाईक सुरू होतात. एक आत्या कुळथाचे कढण पाठवते, शेजारचे काका पानफुटीची पाने आणतात आणि भाचा अत्यंत गंभीर चेहऱ्याने बिअर सुचवतो. हे तिन्ही उपचार मूतखड्याच्या खात्यातले आहेत. मूतखड्याला लघवीचा रस्ता असतो. पित्ताशय आणि मूत्रपिंड यांच्यात तसा कोणताही बोगदा नाही. त्यानंतर येते ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाची ‘सफाई’. ती केल्यावर शौचातून खरोखरच हिरवे मऊ गोळे पडतात आणि त्यांचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतात. असे गोळे प्रयोगशाळेत तपासून २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला गेला : ते खडे नव्हते, तेल आणि रस यांपासून पोटात तयार झालेला साबण होता. पित्ताम्लाच्या गोळ्यांनी काही लहान, कोलेस्टेरॉलचे खडे विरतात, पण त्याला महिनोन्महिने लागतात आणि गोळ्या थांबल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. मूक खड्यासाठी त्यांची गरज नसते, आणि खास पथ्याचीही नसते.

दोन वर्षांनी एका लग्नातल्या पंगतीनंतर रात्री गृहस्थांना कळ येते आणि तीन तास टिकते. पंधरवड्याने तीच पुन्हा. आता खडा मूक राहिलेला नाही. ऑपरेशनची तारीख ठरते आणि मधल्या काळाचे पथ्य सुरू होते. त्याचा उद्देश पिशवीला जोराचे आकुंचन करायला लावू नये, एवढाच आहे. चरबी कमी केल्याने खडे विरघळत नाहीत. दिवसाची एकूण चरबी साधारण ४० ग्रॅमच्या आसपास ठेवून ती तीनचार जेवणांत वाटावी. एक चहाचा चमचा तेल किंवा तूप म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. भाकरी, फुलके, वरणभात, फोडणीला मोजके तेल, भाज्या, साय काढलेल्या दुधाचे ताक, चिकन किंवा मासा कालवणात, पण वाटपात खोबरे बेताने. यावर कोणाची उपासमार होत नाही.

खरा घोटाळा उपवासाने होतो. चरबी टाळायची म्हणून गृहस्थ संकष्टी धरतात आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी घेतात. तिच्यात मूठभर दाण्याचे कूट म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅम चरबी आणि दोन चमचे तूप म्हणजे आणखी १०. दिवसाच्या मर्यादेचा अर्ध्याहून मोठा भाग एका ताटलीत संपतो, तोही पुण्यासह. उलट, काहीच न खाण्याचा उपासही उपयोगाचा नाही. पित्ताशय रिकामे होत नाही आणि पित्त तुंबते. आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन उतरले तर नवे खडेच होतात. अर्धा ते एक किलोची गती पुरे.

वजन जास्त आणि यकृतात चरबी असेल, तर काही सर्जन शेवटचे दोन आठवडे कमी कॅलरींचा आहार देतात. त्याने यकृत आक्रसते आणि पित्ताशय दुर्बिणीतून सहज दिसते. हा आहार स्वतः ठरवायचा नसतो, विशेषतः इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर. औषधे तशीच आणि खाणे निम्मे, या हिशोबात साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. या काळात ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाचे वेळापत्रक चालते. तळलेले किंवा जड जेवण आठ तास आधी बंद, हलके खाणे सहा तास आधी बंद, साधे पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालते. त्याहून वेगळी सूचना असेल तर तीच पाळावी. महाराष्ट्रात हे वेळापत्रक पुष्कळदा चहापाशी मोडते. ‘काही खाल्ले का?’ या प्रश्नाला गृहस्थ प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण चहाला ते खाणे मानत नाहीत. भूलतज्ज्ञ मानतात. दूध पोटात हलक्या जेवणाइतकाच वेळ राहते. भूल देताना ते वर येऊन फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते. म्हणून सकाळच्या अर्ध्या कपापायी ऑपरेशन दुपारवर जाते.

पित्ताशय गेल्यावर यकृतातले पित्त थेट आतड्यात थेंबथेंब उतरत राहते. काहींना काही आठवडे पातळ शौचाचा त्रास होतो. बहुतेकांचे नेहमीचे जेवण हळूहळू पूर्ववत होते आणि कायमचे पथ्य उरत नाही. खडे डबीत घालून घरी दाखवायला मिळतात. पिशवी मात्र पॅथॉलॉजीकडे जायला हवी, आणि तिचा रिपोर्ट हातात पडून डॉक्टरांनी वाचेपर्यंत प्रकरण बंद झाले असे धरू नये.