गिरणीवाले काका आणि एक तारा

नाहूर स्टेशन २००६ साली झालं. त्याआधी इथला माणूस भांडुपला किंवा मुलुंडला उतरून पायपीट करत घरी यायचा. आमच्या गिरणीवाल्या काकांची गिरणी त्याही आधीची. त्यामुळे "स्टेशन आमच्या मागून आलं" हे वाक्य ते अशा सुरात टाकतात, की गाडी थांबवायची परवानगी रेल्वेने त्यांच्याकडूनच घेतली असावी. आजूबाजूच्या कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि कामगार जाऊन पार्किंगवाले आले. काका मात्र डोक्यापासून भुवयांपर्यंत पांढरे होऊन त्याच गाळ्यात उभे आहेत. त्यांच्या खऱ्या केसांचा रंग मी अजून पाहिलेला नाही.

गिरणीवाल्याची ओळख दोन गोष्टींत. पहिली त्याची चिमूट. दळण खाली पडायला लागलं की काका पिठाची चिमूट घेऊन अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरवतात. मग दगड किती जवळ आणायचे ते चाक फिरवून ठरवतात. चपातीचं पीठ, भाकरीचं पीठ, लाडवाचा रवाळपणा, भाजणी, सगळ्यांचा निकाल ती दोन बोटं लावतात. दुसरी ओळख त्यांचा आवाज. मोटर, पट्टा आणि दगड एकाच वेळी गरगरत असताना ज्याला आयुष्यभर माणसांशी बोलावं लागलं, तो माणूस कुजबुजला तरी शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जातं. लाईट गेलेली असताना काका "या ताई, बसा" म्हणाले तरी नवीन माणसाला आपल्यावर कोणीतरी वसकन ओरडल्यासारखं वाटतं.

गेल्या दिवाळीच्या आधी गुगलवर त्यांच्या गिरणीला एक तारा पडला. खाली तीन ओळी होत्या : 'पिठात कचकच. पाच किलो गहू दिले, पीठ पाव किलो कमी. दुकानदार अत्यंत उद्धट. जाऊ नका.'

गिरणी गुगलवर टाकली होती सूनबाईंनी. काकांना त्या नकाशावर आपण आहोत याचं फारसं कौतुक नव्हतं. पण आहोत आणि बदनाम आहोत, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना त्यांनी दळणाच्या वहीचं पान फाडलं आणि उत्तर लिहून काढलं. ते मी वाचलं आहे. मराठी गद्याचा तो दणकट नमुना होता :

'मॅडम, आम्ही नाहूर स्टेशनच्या आधीपासून इथे आहोत. आजवर एकाही माणसाने तक्रार केलेली नाही. खडे तुमच्याच गव्हात असतील, निवडून आणत चला. सोमवारीच दगडांना टाकी लावली आणि नंतर दोन किलो कोंडा दळून मगच गिऱ्हाईक घेतलं. दळणात घट येते हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तुम्ही बी विंगमधल्या ना? मागच्या महिन्यात सुट्टे पैसे दिले नव्हते, तेव्हा मी काही बोललो होतो का? पॅकेटमधलं पीठ खा आणि सुखी राहा. रिव्ह्यू काढलात तर पुढचं दळण फुकट.'

पुणेरी पाट्या लिहिणाऱ्यांनी याला पहिल्या फटक्यात पास केलं असतं. काकांची अपेक्षा एवढीच, की सूनबाईंनी हे जसंच्या तसं टाईप करावं. सूनबाई कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींनाच उत्तरं लिहितात. त्यांनी पान वाचलं आणि विचारलं, "बाबा, हे कुणासाठी लिहिलंय?"

"कुणासाठी म्हणजे? तिच्यासाठी!"

"ती वाचेल एकदा. पण ज्याला रात्री नऊ वाजता 'जवळची पिठाची गिरणी' शोधायचीय, तो रोज वाचेल. तो ना तुम्हाला ओळखतो, ना तिला."

काकांनी भुवया उचलल्या आणि थोडं पीठ खाली पडलं. मला हा मुद्दा फार पटला. एक तारा देणारा माणूस बहुतेक वेळा निघून गेलेला असतो. उत्तर वाचणारा तिसराच असतो आणि तो भांडणात कोण जिंकलं ते बघत नाही. आपलं दळण बिघडलं तर हा माणूस आपल्याशी कसं बोलेल, एवढंच तो ताडत असतो. बी विंग आणि सुट्टे पैसे वाचून त्याला कळतं, की उद्या आपलाही मजला इथे छापून येईल.

म्हणून सूनबाईंनी पहिली काट तिथे मारली. दुसरी काट फुकट दळणावर. रिव्ह्यू काढण्याच्या बदल्यात काही देणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि नियम बाजूला ठेवला तरी ते लाच दिल्यासारखंच दिसतं. "मग खोटं आहे म्हणून रिपोर्ट कर," काका म्हणाले. ती वाटही बंदच होती. शिवीगाळ, जाहिरात, दुकानाशी संबंध नसलेला मजकूर असेल तर गुगल काढतं. मालकाला पटला नाही म्हणून काढत नाही.

तिसऱ्या ठिकाणी मात्र सूनबाईंचं पेन थांबलं. 'सोमवारीच दगडांना टाकी लावली.'

इथे थोडं दगडांत शिरायला हवं. गिरणीचे दोन कुरुंदाचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात. मग पीठ नीट पडत नाही, दाणा चिरडला जातो आणि पीठ फार गरम निघतं. तेव्हा टाकी आणि हातोडी घेऊन दगडाचा खडबडीतपणा परत आणावा लागतो. याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लावल्यावर दगडावर बारीक कणी सुटी राहते. ती निघून जावी म्हणून आधी कोंडा किंवा स्वस्त धान्य दळून फेकून देतात. ते पुरेसं दळलं नाही तर कणी पहिल्या काही गिऱ्हाइकांच्या चपातीत जाते. काकांनी आपल्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून जे वाक्य लिहिलं होतं, तेच त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

"बाबा, त्या बाईंचं दळण कधीचं?"

काकांनी वही पाहिली. सोमवार, संध्याकाळ.

"आणि दोन किलो कोंडा नेहमी पुरतो?"

मोटर बंद होती, तरी काका पहिल्यांदाच हळू बोलले. "नेहमी चार दळतो. सोमवारी गर्दी होती."

कणी कुणाची, हे ओळखायची काकांचीच एक रीत आहे. पेलाभर पाण्यात चमचाभर पीठ ढवळायचं आणि निवळू द्यायचं. वरचं पीठ हलकेच ओतून टाकलं की जड कचरा तळाला राहतो. गव्हातली माती आणि खडे लालसर, मातकट, लहानमोठे असतात. दगडाची कणी करडी आणि एकसारखी बारीक असते. त्याहून सोपं म्हणजे त्याच दिवशीच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांना विचारायचं. एकालाच लागली तर गहू, सगळ्यांना लागली तर दगड. काकांनी वहीत बघून सोमवारच्या दोन घरी फोन केले. एका आजींनी सांगितलं, "हो रे, लागली थोडी कचकच. म्हटलं, कुठे बोलायचं तुला."

'एकाही माणसाने तक्रार केलेली नाही' हे वाक्य काकांनी स्वतःच्या हाताने खोडलं. ते खरंच होतं, आणि तीच अडचण होती.

घटीचा मुद्दा वेगळा. तिथे काका बरोबर होते, पण पूर्ण नाही. दळताना दगड तापतात, धान्यातला ओलावा उडतो, थोडं पीठ हवेत आणि काकांच्या भुवयांवर जातं, थोडं दगडांत अडकून पुढच्याच्या डब्यात पडतं. पाच किलोला पन्नास-शंभर ग्रॅमची घट कुणी मनावर घेत नाही. पाव किलो जास्त होती. बाईंच्या घरचा काटा चुकीचा असू शकतो, गहू ओलसर असू शकतात, किंवा त्या संध्याकाळी दगड नीट झाडले गेले नसतील. यातलं कुठलं खरं, ते आता कुणालाच सिद्ध करता येणार नव्हतं. जे सिद्ध करता येत नाही त्यावर चारचौघांत वाद घालू नये, असं सूनबाईंचं म्हणणं. "काट्यावर दरवर्षीचा वैधमापनाचा शिक्का आहे की नाही आपल्या? मग दळणाआधी आणि नंतर त्यांच्यासमोर वजन करू, एवढंच लिहा."

उरला उद्धटपणा. 'मशीनच्या आवाजामुळे मोठ्याने बोलावं लागतं' हे काकांना घालायचंच होतं. सूनबाईंनी घालू दिलं, पण 'वाईट वाटलं असेल तर माफ करा' मधलं 'असेल तर' काढून टाकलं. वाईट वाटलं होतंच. बाईंनी लिहूनच ठेवलं होतं.

शेवटी जे गेलं ते असं :

'नमस्कार ताई. तुमची कचकचीची तक्रार खरी आहे. सोमवारी दगडांना टाकी लावली होती आणि गर्दीमुळे नंतरचा कोंडा कमी दळला गेला. त्या दिवशीच्या आणखी एका घरी विचारलं, त्यांनाही लागली. चूक आमची. ते पीठ परत आणा, तेवढेच गहू आमच्याकडचे घालून दळून देऊ. घटीबद्दल : पुढच्या वेळी दळणाआधी आणि नंतर तुमच्यासमोर वजन करू. मशीनमुळे माझा आवाज चढलेला असतो, पण तुम्हाला त्याचा त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. यापुढे टाकी लावली की त्या दिवशी बाहेर पाटी असेल. - गिरणीवाले'

फुकट दळण इथेही आहेच, पण त्याला रिव्ह्यूची अट नाही. चूक कबूल केली ती नेमकी एका दिवसाची, त्यामुळे बाकीच्या दिवसांवर तिचा डाग पडत नाही. आणि टाकी-कोंड्याचं बोलणं वाचून तिसऱ्या माणसाला समजतं, की या गाळ्यात आपल्या धंद्याची अक्कल असलेला माणूस उभा आहे. पहिल्या मसुद्यातलं हे एकच वाक्य जगलं, फक्त त्याने बाजू बदलली.

ताऱ्यांचा हिशेबही काकांनी वहीतच केला. चाळीस रिव्ह्यू, सरासरी ४.६, म्हणजे एकूण १८४ तारे. त्यात एक घातला की १८५ भागिले ४१, म्हणजे ४.५. परत ४.६ दिसायला पाच ताऱ्यांची चार माणसं लागतात. "चारच?" काका ओरडले. "मी तर गाळा विकायचा विचार करत होतो!" सोमवारच्या आजींना मोबाईल येत नाही म्हणून त्या त्यात धरल्या नाहीत.

बाई पीठ घेऊन आल्या. काकांनी गहू दळून दिले, आधी आणि नंतर वजन केलं, घट सत्तर ग्रॅम भरली. दोघंही फार काही बोलले नाहीत. बाईंनी तारा बदललेला नाही. तो अजून तिथेच आहे आणि त्याच्याखाली उत्तर आहे.

पाटीही लागते आता, खडूने : 'आज टाकी लावली आहे. घाई नसेल तर दळण उद्या आणा.' तुमच्या गिरणीवर अशी पाटी नसेल तर दळण ठेवताना एकदा विचारा, टाकी कधी लावली? आजच लावली असेल तर भाजणी तरी उद्यावर टाका. आणि गिरणीवाला ओरडून उत्तर देईल, ते मनावर घेऊ नका.