उत्तर तयार, फाईल जड

प्राप्तिकराची 142(1) ची नोटीस आली की उत्तराची तारीख आणि वेळ तिच्यातच छापलेली असते. 144बी कलमामुळे 2021 पासून बहुतेक तपासणी चेहराविरहित झाली, म्हणजे गठ्ठा काखेत मारून कार्यालयात जाण्याची सोय गेली. उत्तर द्यायचं ते पोर्टलवरच, ‘e-Proceedings’ मध्ये. तिथे फाईल चढली नाही, तर अधिकाऱ्याच्या लेखी तुम्ही गप्प बसलात. मग तो हाती असेल तेवढ्यावरून 144 खाली उत्पन्न ठरवू शकतो, आणि नोटिशीला उत्तर न दिल्याबद्दल 272ए खाली दहा हजारांचा दंडही लावू शकतो. खरेदीची बिलं खरी, बँकेतल्या जमा रकमांचा हिशेब चोख, आणि माणूस अडकतो फाईलच्या वजनात. हे मला मुळीच मान्य नाही.

पोर्टलची मर्यादा एका फाईलला 5 एमबी आणि एका उत्तराला दहा जोडपत्रं अशी आहे. आता समजा, इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याकडे वर्षभराचं बँक स्टेटमेंट मागितलं, 64 पानांचं. दुकानातल्या पोऱ्याने ते झेरॉक्सवाल्याकडे नेलं. त्याने मशीनच्या नेहमीच्या सेटिंगवर, म्हणजे रंगीत आणि 300 डीपीआयवर, स्कॅन करून दिलं. अशा एका पानाचा साधारण एक एमबी होतो, म्हणजे सगळं मिळून साठाच्या वर. पाच-पाच एमबीचे तुकडे केले तरी तेराच्या आसपास होतात, आणि जागा दहांचीच. मग कुणीतरी सांगतं, झिप करा. झिप केल्याने वजन जवळजवळ तेवढंच राहतं, कारण स्कॅनमधली चित्रं आधीच दाबलेली असतात. झिपचा उपयोग पुष्कळ कागद एकत्र बांधण्यापुरता आहे, हे पक्कं लक्षात ठेवा.

खरा उपाय स्कॅनरपाशीच आहे. रंगीतऐवजी ग्रे आणि 300 ऐवजी 150 डीपीआय घ्या. डीपीआय निम्मा झाला की ठिपके चौथाईवर येतात. तीच 64 पानं मग दहा-बारा एमबीत बसतात, तीन फाईली होतात, आणि आकडे स्वच्छ वाचता येतात. चढवण्याआधी फाईल शंभर टक्क्यांवर उघडून सर्वांत बारीक रक्कम वाचून बघा. ती तुम्हाला वाचता येत नसेल तर अधिकाऱ्यालाही येणार नाही. त्याहून बरं म्हणजे स्कॅनच करू नका. नेट बँकिंगवरून उतरवलेलं स्टेटमेंट सहसा एका एमबीच्या आतच असतं. फक्त त्याला अनेकदा बँकेने पासवर्ड घातलेला असतो. तो टाकून फाईल उघडा आणि ‘प्रिंट’ मधून नव्या पीडीएफमध्ये जतन करा. नाहीतर कुलूपबंद कागद पोचवल्याचं समाधान तेवढं मिळतं.

फाईलच्या प्रकाराचंही तसंच. मोबाईलवर काढलेल्या बिलाच्या फोटोचं नाव बदलून शेवटी .pdf लावलं म्हणून तो पीडीएफ होत नाही. खऱ्या पीडीएफची सुरुवातच आतून `%PDF` अशी असते. वरचं नाव बदलल्याने आतला फोटो फोटोच राहतो. फोनमधला फोटो ‘प्रिंट’ मधूनच पीडीएफ करा. फाईलच्या नावात &, # असली चिन्हं नकोत; Bank_Statement_1 असं साधं नाव पुरतं.

कधी जोडण्याची जागाच दिसत नाही. तेव्हा आधी बघा, मागच्या वेळी ‘Full Response’ निवडलं होतं का. त्याचा अर्थ, माझं सांगून झालं. कागद दहांपेक्षा जास्त असतील किंवा मागाहून येणार असतील तर ‘Partial Response’ च निवडायचं, आणि शेवटचा गठ्ठा जाईल तेव्हाच ‘Full’. तसं काही नसेल, तर अधिकाऱ्याने ती कार्यवाही बंद केलेली असू शकते. मुदत संपायच्या आत अडचण दिसली तर त्याच पानावर मुदतवाढ मागता येते. ती मागा, कारणात फाईलची अडचण स्पष्ट लिहा. तारीख-वेळेसह पडद्याचं चित्र ठेवा, तक्रारही पोर्टलवरच नोंदवा. उत्तर गेलं की व्यवहार क्रमांक मिळतो. तो मिळेपर्यंत उत्तर गेलं असं समजू नका.

एवढी खबरदारी करदात्याने घ्यायची, तर विभागानेही दोन गोष्टी कराव्यात. 5 एमबी आणि दहा जोडपत्रं ही मर्यादा नोटिशीतच, तारखेच्या शेजारी छापावी, म्हणजे झेरॉक्सवाल्याकडे जातानाच माणसाला ती ठाऊक असेल. आणि फाईल नाकारली गेली, तर त्या प्रयत्नाची वेळ आणि नाकारण्याचं कारण त्याच प्रकरणात नोंदवावं, अधिकाऱ्याला दिसेल असं. 144 चा आदेश लिहायला बसण्याआधी त्याने ती नोंद वाचलीच पाहिजे.