लीडच्या कामाला सीनियरची पाटी

भरती विभागातील महोदय,

तुमचं ऑफर लेटर मिळालं. त्यात माझ्या नावापुढे ‘सीनियर इंजिनिअर’ असं लिहिलं आहे. मी अर्ज केला होता ‘लीड इंजिनिअर’ या जागेसाठी. तुमच्या जाहिरातीत तसंच लिहिलं होतं, मुलाखतीच्या प्रत्येक फेरीच्या निमंत्रणातही तोच हुद्दा होता, आणि शेवटच्या फेरीत तुमच्या मॅनेजरनी मला सहा जणांची टीम कशी सांभाळाल, हेच विचारलं होतं. हुद्दा कधी खाली आला, हे मला कोणी सांगितलं नाही. मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, “मॅडम, टायटलचं काय एवढं? ते इंटर्नल असतं. पैसे तर तुम्ही मागितले तेवढेच दिलेत.” हे पत्र त्या वाक्याला उत्तर आहे. ते उघडपणे लिहिते आहे, कारण खराडी-हिंजवडीच्या पट्ट्यात हे वाक्य ऐकणारी मी एकटी नाही.

आधी तुमच्या बाजूचं न्याय्य ते मान्य करते. हुद्दा मुलाखतीनंतर ठरवण्याची पद्धत अनेक कंपन्यांत आहे. सर्व्हिस कंपनीतला टीम लीड प्रॉडक्ट कंपनीत गेला की एक पायरी खाली धरला जातो, हेही होतं. पॅनेलला माझं सिस्टिम डिझाइन कमी वाटलं असेल, तर मला सीनियर ठरवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पण तसं असेल तर कोणत्या फेरीत, कोणत्या मुद्द्यावर मी कमी पडले, हे दोन ओळींत सांगता आलं असतं. मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “फीडबॅक खूप पॉझिटिव्ह आहे.” महोदय, फीडबॅक चांगला आणि हुद्दा खालचा, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. पॅनेलने मला खाली आणलं नसेल, तर बजेटने आणलं आहे. लीडची मंजूर जागा मध्येच सीनियरची झाली, आणि निवडलेल्या माणसाला तीच गळ्यात घालायची ठरलं. हे सरळ सांगितलं असतंत तर मी रागावले नसते. बजेट कापलं जाणं हा काही तुमचा गुन्हा नाही. ते लपवून वर ‘टायटलचं काय एवढं’ म्हणणं हा गुन्हा आहे.

पॅनेल की बजेट, हे ओळखायला मला फार शोध घ्यावा लागला नाही. मी कामाचं स्वरूप लिहून मागवलं आणि तुम्ही पाठवलेलं वाचलं. सहा जणांच्या कामाचं वाटप माझ्याकडे. त्यांच्या वार्षिक मूल्यमापनाचा पहिला मसुदा मी लिहायचा. पेमेंट रात्री अडकलं तर दुसऱ्या टप्प्यावरचा फोन मला. हे जाहिरातीतलंच काम आहे, एक ओळही कमी झालेली नाही. पॅनेलला मी लीडच्या कामाची वाटले नसते, तर हे काम माझ्याकडे कोणी दिलं असतं? तुम्हाला लीड हवा आहे, फक्त तो सीनियरच्या बँडमध्ये बसवायचा आहे.

आता ‘पैसे तेवढेच’ याकडे येते. सीनियरचा बँड 24 ते 36 लाख आणि लीडचा 34 ते 48 लाख, हे तुम्हीच पहिल्या फोनवर सांगितलं होतं. मला देऊ केलेला फिक्स पगार आहे 34 लाख. आज ही रक्कम दोन्ही बँडमध्ये बसते, म्हणून ती सारखी दिसते. पण सीनियरच्या बँडचा मध्य 30 लाख, त्यामुळे तिथे मी पहिल्या दिवसापासून मध्याच्या 13 टक्के वर आहे. लीडच्या बँडचा मध्य 41 लाख, तिथे मी मध्याच्या 17 टक्के खाली असते. पगारवाढीच्या तक्त्यात काय होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कामाचा शेरा सारखाच असला तरी बँडच्या तळाशी असलेल्याला टक्केवारी जास्त मिळते आणि माथ्याजवळच्याला कमी, म्हणजे सगळे हळूहळू मध्याकडे येतात. शिवाय माथा ओलांडता येत नाही. समजा मी उत्तम काम केलं आणि पहिल्याच वर्षी 8 टक्के वाढ मिळाली. 34 लाखांचे 36 लाख 72 हजार होतात. बँड 36 लाखांवर संपतो. वरचे 72 हजार फार तर एकरकमी हातावर ठेवले जातील, पगारात मिळवले जाणार नाहीत, आणि त्याच्या पुढच्या वर्षीची वाढ त्यांच्यावर मोजली जाणार नाही. बारा महिन्यांत मी छताला टेकते. लीडच्या बँडमध्ये याच पगाराच्या वर 14 लाखांची जागा मोकळी होती.

व्हेरिएबलचं तर तुम्ही नावच काढलं नाहीत. सीनियरला फिक्सच्या 10 टक्के, लीडला 15 टक्के. 34 लाखांवर हे 3 लाख 40 हजार आणि 5 लाख 10 हजार होतात. दरवर्षी 1 लाख 70 हजारांचा फरक, आणि तोही कंपनीचं वर्ष चांगलं गेलं तर. माझी नाराजी दिसली तेव्हा तुम्ही 2 लाखांचा जॉइनिंग बोनस पुढे केलात. त्याने पहिल्या वर्षाची भरपाई होते, दुसऱ्या वर्षी तो नसतो. वर त्याला अट आहे, वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. माझी दरवर्षीची तूट तुम्ही एकदाच भरता आहात आणि त्या बदल्यात मला वर्षभर बांधूनही ठेवता आहात.

आत्ताच्या सीटीसीवर 31 टक्के वाढ मिळते आहे, अजून काय हवं, असंही तुम्ही म्हणालात. ती वाढ माझ्या जुन्या कंपनीने मला काय दिलं त्यावर मोजली आहे. तुमच्याकडे मी जे काम करणार, त्याचा भाव तुमच्या बँडने ठरतो. जुन्या कंपनीने मला वर्षानुवर्षं कमी दिलं, तर ती सवलत तुम्ही का घ्यावी?

‘सहा महिन्यांत प्रमोशन करून घेऊ’ हे तुमचं आश्वासन मी मनापासून तपासून पाहिलं. तुमच्याकडे बढत्या फक्त एप्रिलला होतात. माझा नोटीस पीरियड 90 दिवसांचा, म्हणजे मी नोव्हेंबरात रुजू होणार. 30 सप्टेंबरनंतर आलेल्यांचा येत्या एप्रिलला विचार होत नाही. त्याच्या पुढच्या एप्रिलला माझे 17 महिने भरतील, आणि एका हुद्द्यावर 18 महिने पूर्ण झाल्याशिवाय बढतीसाठी नाव पाठवता येत नाही. म्हणजे तिसरा एप्रिल. ज्या हुद्द्यासाठी मी आज मुलाखती देऊन निवडले गेले, तो मला 29 महिन्यांनी मिळण्याची शक्यता आहे, आणि तेव्हाही बजेट असेल तर. हे सगळे नियम तुमच्या कंपनीचे आहेत. ते माहीत असताना सहा महिने हा शब्द तुमच्या तोंडून निघाला कसा? त्यातून ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर कलम आहे की आधीचं सगळं तोंडी आणि लेखी बोलणं या पत्राने रद्द समजावं. तुम्ही फोनवर दिलेला शब्द तुमच्याच कागदाने खोडून टाकला आहे.

या सगळ्यात मला सर्वात जास्त लागलं ते तुमचं शेवटचं वाक्य: “बाहेर तुम्ही लीड म्हणूनच सांगा, कोण बघतंय?” बघतात, महोदय. तुमच्याच खात्यातले लोक बघतात. पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी तुमच्याकडे मेल पाठवेल आणि तुम्ही तिला रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि हुद्दा कळवाल. अनुभव प्रमाणपत्रावर सीनियर, बायोडेटावर लीड. त्या तफावतीवर मिळालेली नोकरी जाते, आणि खोटं बोलल्याचा ठपका माझ्यावर येतो. दहा वर्षं मी पेमेंटच्या बॅकएंडवर काम केलं. लोकांच्या पैशांचा हिशेब जुळवण्यात गेलेलं ते आयुष्य आहे. माझ्या कामाबद्दल मी बाहेर खोटं बोलावं, हा सल्ला तुम्ही मला किती सहज दिलात! खरं लिहायचं तर तुमच्या पत्रातच लिहा ना.

मी अजून राजीनामा दिलेला नाही. ‘ऑफर नक्की आहे, तुम्ही रिझाइन करा, म्हणजे नोटीस सुरू होईल,’ असा आग्रह तुम्ही लेटर येण्याआधीच धरला होता. त्या आग्रहाला बळी पडून मी राजीनामा टाकला असता, तर आज हे पत्र लिहिण्याची माझी हिंमतच झाली नसती. जिचा राजीनामा मंजूर झालेला आहे आणि जिच्या घराचा हप्ता पाच तारखेला कापला जातो, ती खालच्या हुद्द्यावरही सही करते. हुद्दा बदलण्याची बातमी अशा वेळी देणं मला क्रूर वाटतं. सही झालेला कागद हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, हे मी माझ्या टीममधल्या प्रत्येक मुलाला सांगत आले आहे, आणि तुमच्यामुळे आता आणखी मोठ्याने सांगेन.

माझं उत्तर असं. लीडचं काम हवं असेल तर पत्रात लीड लिहा. पगार बँडच्या तळाचा, 34 लाखच राहू द्या, मी एक रुपयाही वाढवून मागत नाही, आणि जॉइनिंग बोनसही नको. बजेट खरंच सीनियरचंच उरलं असेल, तर सीनियरचं काम द्या. मी कोड लिहीन, डिझाइन करीन, पण सहा जणांची मूल्यमापनं आणि रात्रीचे फोन ज्याला लीडचा पगार आहे त्याने सांभाळावेत. आणि काम लीडचं, हुद्दा मात्र पहिल्या वर्षी सीनियरचा, यावर तुमचा मॅनेजर अडून बसला असेल, तर तिसरा एक मार्ग मी मान्य करीन. व्हेरिएबल पहिल्या दिवसापासून 15 टक्के असेल. रुजू झाल्यापासून सहाव्या महिन्यात, नेहमीच्या चक्राबाहेर, लीडसाठी आढावा होईल. त्याचे निकष आणि तो घेणाऱ्याचं पद आत्ताच ठरेल, आणि 18 महिन्यांची अट मला लागू नसेल. हे सगळं ऑफर लेटरच्या मजकुरात हवं. तुमच्या ईमेलमध्ये असून चालणार नाही, कारण शेवटच्या पानावरचं कलम तो ईमेलही रद्द करतं. तुम्ही उद्या दुसऱ्या कंपनीत गेलात तरी हा शब्द टिकला पाहिजे.

यातलं काय शक्य आहे ते येत्या शुक्रवारपर्यंत लेखी कळवा. काहीच शक्य नसेल, तर तेही कळवा. लीडची जागा पुन्हा जाहीर कराल तेव्हा वर बँड लिहा आणि हुद्दा बदलला तर मुलाखतीआधी सांगा. पुढच्या उमेदवाराने तुमच्यासाठी चार फेऱ्यांची रजा काढलेली असेल.

आपली,
लीड इंजिनिअरच्या जागेची उमेदवार