पाच तोळ्यांची कैफियत

(परभणीच्या सराफ्यातील एक जुनी पेढी. गादीवर सराफ. समोर महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पितळी डबी आणि डबीत, फडक्यात गुंडाळलेली, एक बोरमाळ.)

कारकून : शेठ, प्रथम हा दस्तऐवज पाहा आणि मग जिन्नस पाहा, कारण कागद न पाहता जिन्नस पाहण्याची सवय ज्या खात्याला लागली त्याची जमाबंदी कधी मिळाली नाही, असा माझा चौतीस वर्षांच्या नोकरीतला अनुभव आहे. ही आमच्या आजोबांच्या हातची चिठ्ठी. मजकूर असा : 'बोरमाळ एक, मणी ३६, वजन तोळे ५, सन १३५२ फसली.'

सराफ : म्हणजे इंग्रजी १९४३ च्या आगेमागे. निजामशाहीतला ऐवज दिसतो.

कारकून : अस्सल! आता मातुःश्रींच्या मागे दोघां भावांत वाटणी झाली, तेव्हा समोर दोन डाग होते : एक ही माळ, पाच तोळ्यांची, आणि दुसऱ्या पाटल्या, दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या, त्याही पाच तोळ्यांच्या. धाकटा म्हणाला, 'दादा, दोन्ही सारखेच, तुम्ही हवे ते घ्या.' मी वडीलकीच्या नात्याने क्षणभर संकोच दाखवला आणि माळ उचलली.

सराफ : मातुःश्रींची आठवण म्हणून?

कारकून : आठवण तर आहेच; पण शेठ, आपण मंडळी आज तोळा म्हणता तो दहा ग्रॅमांचा, आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यापूर्वीचा तोळा होता ११.६६४ ग्रॅमांचा! म्हणजे पाटल्या भरल्या पन्नास ग्रॅम आणि माळ भरली अठ्ठावन्न ग्रॅमांवर बत्तीस सेंटिग्रॅम. हे धाकट्याला ठाऊक नव्हते. मी त्याला सांगितले नाही. कारण न विचारलेली माहिती पुरवणे हा सरकारी शिस्तीचा भंग आहे. आज शुद्ध सोन्याचा भाव काय धरू?

सराफ : भाव घटकेघटकेला हलतो. हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमला दहा हजार धरा; उद्याचा जो असेल तो उद्या घालू.

कारकून : तर माळेची किंमत पाच लाख त्र्याऐंशी हजार दोनशे. मांडा.

सराफ : मांडतो, पण आधी काटा बोलू द्या. (माळ काट्यावर ठेवतो.) पंचावन्न ग्रॅम चारशे मिली.

कारकून : अशक्य! तीन ग्रॅमांच्या जवळपास तफावत! शेठ, हा काटा मुद्रांकित आहे ना?

सराफ : वैधमापन खात्याचा शिक्का आहे, हवा तर तारीख वाचा. पण साहेब, आजोबांनी माळ कशाने तोलली?

कारकून : तोळ्याने.

सराफ : आणि तोळ्याचे वजन नसेल तेव्हा पारड्यात काय टाकत? रुपया. कारण इंग्रजी रुपया, ज्याला आपल्याकडे कलदार म्हणत, तो बरोबर एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन भरायचा. पण परभणीत तेव्हा राज्य कोणाचे आणि गल्ल्यात नाणे कोणते?

कारकून : (आवाज उतरवून) हाली सिक्का.

सराफ : हाली रुपया भरतो ११.१८ ग्रॅमांच्या सुमारास. पाच हाली म्हणजे ५५.९०. आज माळ आहे ५५.४०. ऐंशी वर्षांत अंगावर घासून नि धुऊन अर्धा ग्रॅम झिजली असेल, तर तो सुनांचा दोष म्हणावा लागेल, काट्याचा नव्हे.

कारकून : म्हणजे सात हाली देऊन सहा कलदार घेण्याचा जो बट्टा आमचे आजोबा जन्मभर मोजत राहिले, तोच या माळेनेही मोजला म्हणायचा! असो. निजाम गेला, त्याच्याविरुद्ध आता अपील नाही. ५५.४० तर ५५.४०, तरीही पाटल्यांपेक्षा पाच ग्रॅम सरस. मांडा पाच लाख चोपन्न हजार.

सराफ : दोरा नि गोंडा सोन्यात धरायचा का?

कारकून : तो काढा. मी अन्यायाने एक कवडी मागत नाही.

सराफ : (दोरा काढून) दोरा-गोंडा एक ग्रॅम चारशे. मणी छत्तीस, चोपन्न ग्रॅम, मण्यामागे दीड. आता साहेब, हा मणी नखावर वाजवून पाहा.

कारकून : ठस वाजतो. भरीव दिसतो.

सराफ : भरलेला आहे, भरीव नव्हे. पत्र्याच्या दोन वाट्या ठोकायच्या, तोंडाला तोंड लावून डागायच्या, आणि आत लाख भरायची, म्हणजे पातळ पत्रा चेपत नाही. बोरमाळ अशीच घडते. यात कारागिराने फसवले असे मुळीच नाही. ही रीतच आहे. फक्त तोलताना लाख सोन्याच्या पंगतीत बसते.

कारकून : आणि चिठ्ठीत तिचा उल्लेख नाही! आजोबा, आजोबा, तपशिलाचा रकाना मोकळा सोडलात! पण शेठ, सोन्याच्या शुद्धतेबद्दल तरी वाद नको. काल माझ्या मुलाने एका दुकानातल्या यंत्रावर माळ ठेवून घेतली. यंत्राने आकडा दिला ९१.२. ही पाहा चिठी. म्हणजे बावीस कॅरेटला पुरते सव्वा बोट कमी नाही.

सराफ : यंत्र खोटे बोलले नाही. मीही कसोटीवर रेघ ओढली, शेजारी बावीसच्या सळईची ओढली, दोन्हींवर तेजाब फिरवले, तर रेघ जवळपास तशीच टिकली. पण क्ष-किरणांचे ते यंत्र काय, आणि माझा हा काळा दगड काय, दोघेही दारात उभे राहून घराची पाहणी करणारे. यंत्राची नजर पृष्ठाच्या अगदी पातळ थरापलीकडे जात नाही, आणि दगडाला तर घासले तेवढेच कळते. दोन वाट्यांच्या सांध्यात डाग आहे, त्याचे काय?

कारकून : डाग म्हणजे अप्रतिष्ठा?

सराफ : डाग म्हणजे सांधा जोडणारे हलके सोने. तो वाटीच्या आधी वितळला पाहिजे, नाहीतर सांधण्याच्या आचेत वाटीच पाझरेल. म्हणून त्यात चांदी-तांबे जास्त घालावे लागते. एकसंध पाटलीत त्याचे प्रमाण नगण्य. इथे छत्तीस मणी, प्रत्येकाला भोवतीने सांधा, वर दोन नळ्या. सगळे एकत्र वितळले की कस खाली येणारच. किती, ते आटवल्याशिवाय सांगणारा सराफ एक तर ज्योतिषी असतो, नाहीतर तुमचा माल स्वस्तात मागत असतो.

कारकून : म्हणजे माळ मोडायची? आणि मोडल्यावर किंमत पसंत पडली नाही तर?

सराफ : तर माळही गेली आणि समाधानही. म्हणून सगळी आटवू नका. मणी एका साच्याचे आहेत, एकच फोडू. तुमच्या समोर तोलू, समोर लाख जाळू, समोर मुशीत घालू, आणि जी गोळी निघेल ती तपासणी केंद्रात अग्निपरीक्षेला पाठवू.

कारकून : अग्निपरीक्षा! तीत तरी आमची बाजू निर्दोष ठरो.

(दुसरा दिवस. तीच पेढी. मण्याची गोळी आणि केंद्राचा कागद समोर.)

सराफ : मणी दीड ग्रॅमचा होता, लाख जळून गोळी निघाली एक ग्रॅम दोनशे मिलीची. म्हणजे पाचवा हिस्सा लाख. आता कस. गोळीचा कण तोलून, चांदी मिसळून, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत ठेवतात; शिसे आपल्याबरोबर तांब्यासारखे हिणकस घेऊन सच्छिद्र कुपीत मुरते, उरलेल्या मण्यातली चांदी शोऱ्याच्या तेजाबात विरघळते, आणि जे शिल्लक राहते ते निखळ सोने पुन्हा तोलतात. आकडा आला : चौऱ्याऐंशी टंच.

कारकून : शंभरात चौऱ्याऐंशी. कॅरेटात वीसच्या किंचित वर. (दीर्घ निःश्वास.) आता बेरीज मीच मांडतो, ही दुःखद आकडेमोड दुसऱ्याच्या हाती देववत नाही. छत्तीस मणी गुणिले एक पूर्णांक दोन, म्हणजे ४३.२० ग्रॅम धातू. त्यात चौऱ्याऐंशी टक्के, म्हणजे ३६.२८८ ग्रॅम शुद्ध सोने.

सराफ : बरोबर. (लिहीत) ३६.२८८ गुणिले बावीसचा भाव, नऊ हजार एकशे साठ... तीन लाख बत्तीस हजार तीनशे अठ्ठ्याण्णव.

कारकून : थांबा! लेखणी खाली ठेवा, शेठ! वजनातले हिणकस आपण एकदा चौऱ्याऐंशीने वजा केले, आणि आता भावातले हिणकस ९१६ ने पुन्हा वजा करता? एकाच अपराधाला दोन शिक्षा? हा हिशेब ऑडिटात आला असता तर तुमची वेतनवाढ रोखली असती. शुद्ध वजनाला शुद्धाचाच भाव लागेल : तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशी. आणि बावीसचाच भाव लावायची हौस असेल तर आधी वजनही बावीसच्या सोन्यात फिरवून घ्या, ३६.२८८ भागिले ०.९१६. उत्तर तेच येईल.

सराफ : (हसून) हात सवयीने गेला, साहेब. बरेच गिऱ्हाईक इथवर येईपर्यंत दमलेले असते.

कारकून : तीस हजार चारशे ब्याऐंशी रुपयांची सवय! ती माझ्यावर चालायची नाही. आता त्या पाटल्यांचे सांगा.

सराफ : शिक्का पाहिला होतात? आत बीआयएसचे चिन्ह, 22K916 आणि सहा अक्षरा-अंकांची खूण?

कारकून : होती. मीच भिंगातून वाचली, आणि फुशारकीने म्हणालो, 'नवे सोने, नवी कागदपत्रे, जुन्याची सर नाही.'

सराफ : पन्नास ग्रॅमांवर ९१६, म्हणजे शुद्ध ४५.८ ग्रॅम. घडणावळ मोडीत कोणी देत नाही आणि आम्ही थोडी घटही धरतो, पण ती दोन्हीकडे.

कारकून : साडेनऊ ग्रॅम! ९५ हजार १२० रुपयांनी धाकटा सरस ठरला, आणि तेही माझ्या निवडीने. वाटणीपत्र पुन्हा उघडतो.

सराफ : उघडता येईल का? मसुदा कोणी केला?

कारकून : मीच. त्यात शेवटचे कलम आहे : 'यापुढे वजन, कस अथवा किंमत यांबाबत उभयतांपैकी कोणाचीही कसलीही हरकत चालणार नाही.' धाकट्याला जुन्या तोळ्याचे रहस्य पुढेमागे कळले तर तो भांडेल, म्हणून मुद्दाम घातले होते, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या होत्या.

सराफ : मग माळ मोडीत घालू?

कारकून : (बराच वेळ विचार करून) नको. शेठ, मला असे वाटू लागले आहे की मातुःश्रींची ही पुरातन खूण धाकट्याच्याच घरी शोभेल. त्याच्या सौभाग्यवतीला जुन्या घडणीची फार हौस. नव्या पाटल्यांचा मला काय मोह? बंधुप्रेमाने अदलाबदल करतो. फक्त मणी पस्तीस उरले आणि चिठ्ठीत छत्तीस आहेत.

सराफ : ही गोळी आहे, तिचा घडवून देऊ?

कारकून : ती माझ्याकडे द्या, पावतीसह. मण्याचे दुसरे काही जमेल.

सराफ : किती टंचाचा करू?

कारकून : बाहेरून एक्क्याण्णवचा दिसला म्हणजे झाले.