सत्कारमूर्तीचे दोन शब्द

धाराशिव जिल्ह्यात पुरस्काराला उत्तर देणाऱ्या खेळाडूच्या भाषणाचा विचार करताना खो-खोची कालगणना आधी ध्यानात घ्यावी लागते, कारण या मातीतून खो-खोपटूच अधिक निपजतात. प्रौढ गटात एक पाळी 9 मिनिटांची असते, संरक्षक म्हणजे पाठलाग चुकवीत टिकून राहणारे खेळाडू तिघांच्या तुकडीने उतरतात, आणि एखादी दोन मिनिटे टिकली तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तिची वेळ कंसात छापून येते. हीच खेळाडू माईकसमोर मात्र मिनिटभरही टिकत नाही; तेथे हुलकावणी द्यायला खांब नसतो.

जिल्हा क्रीडा पुरस्काराच्या शासकीय सोहळ्यात हा प्रसंग सहसा टळतो, कारण ध्वजवंदनानंतर निवेदक नावे पुकारीत जातो आणि मानचिन्ह हाती पडते न पडते तोच पुढचे नाव येते. भाषण घडते ते नंतर, शाळेच्या पटांगणात, उन्हात डोक्यावर घट्ट होत जाणाऱ्या फेट्याखाली.

या भाषणाचा गाभा श्रेयनिराकरण हा होय, म्हणजे यशातील स्वतःचा वाटा शून्यावर आणून तो इतरांत वाटून टाकणे. “सर नसते तर मी इथं नसते,” असे सत्कारमूर्ती म्हणते, सर मान हलवून “पोरीनंच केलं, आपण नुसती शिट्टी वाजवली,” असे शेजाऱ्याला सांगतात, वडील “तिच्या आईनं पाठवलं म्हणून,” असे म्हणून मोकळे होतात, आणि आई शेवटच्या रांगेत पदर सावरीत “मला काय कळतंय त्यातलं?” असे पुटपुटते. सर्वांचे म्हणणे प्रमाण मानल्यास मैदानावर धावले कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. चौकात बसलेल्या आठ खेळाडूंनाही पाठीमागून खो मिळाल्याखेरीज उठता येत नाही. धाराशिवची नम्रता बहुधा तेथेच घोटवून घेतली जाते.

2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याची. तिला 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तो सोहळा करोनामुळे दूरदृश्य प्रणालीने, म्हणजे पडद्यावरून पार पडला, त्यामुळे राष्ट्रीय पातळीवर फेट्याचा हा जाच तरी टळला. गावात मात्र अशी सूट नसते.

बहुतेक भाषणांत एक नाव राहतेच, ते मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाऱ्या शिपायाचे. खुर्चीवर बसल्यावर ते आठवते, पण तोवर अध्यक्षीय समारोप सुरू झालेला असतो आणि त्याला पाळीची मर्यादा नसते. नाव राहिले म्हणून शिपाई कुरकुरत नाही. तो वाकून व्यासपीठापाशी येतो आणि उद्याच्या सरावाला चुना शिल्लक नाही, एवढेच सरांच्या कानात सांगतो.