पहिल्या ‘नको’चं काय करायचं?

दिवाळी जवळ आली की खरेदी खात्यातल्या माणसाचा भाव वधारतो. एरवी चार फोन केल्यावर उचलणारे पुरवठादार स्वतःहून म्हणतात, “साहेब, दोन मिनिटं येऊन जातो.” त्या दोन मिनिटांबरोबर एक जड पिशवी असते.

आमच्या कंपनीचा नियम सोपा आहे. डायरी, कॅलेंडर चालतं. मिठाई आली तर खात्याच्या टेबलावर सगळ्यांसाठी उघडायची आणि नोंदवहीत लिहायची. नाणं, व्हाउचर, हॉटेलातलं जेवण नाही. आणि ज्याचं कोटेशन आपल्यापुढे पडलंय, त्याच्याकडून डायरीसुद्धा नाही.

अवघड आहे ती आपली रीत. पंगतीत वाढलेल्या माणसाला पहिला नकार ऐकूच येत नाही. “अहो नको, कशाला उगाच!” म्हणालो, की समोरचा पिशवी आणखी पुढे सरकवतो. म्हणून ‘कशाला’ हा शब्द मी या कामी बाद केलाय. त्यात प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर समोरच्याकडे असतं.

गेल्या दिवाळीत चाकणच्या एका नट-बोल्टवाल्या काकांचा बॉक्स थेट घरी आला. मी कामावर, बायकोने घेतला. वर काजूकतली, खाली चांदीचं नाणं. आमचा नव्या वर्षाचा दरकरार तेव्हा चर्चेत होता, म्हणजे काजूकतलीही बाद. त्याच रात्री फोटो काढून साहेबांना आणि कंप्लायन्सला मेल टाकला, सकाळी नोंदवहीत नोंद केली. घरून परत पाठवायचा मोह होता, पण मग कागद राहत नाही. कंपनीच्या गाडीतून, चलनावर, पोच घेऊन पाठवला.

त्याआधी काकांना फोन केला. न सांगता बॉक्स परत गेला असता, तर त्यांच्या ऑफिसात चार जणांसमोर उघडला असता आणि काकांचा चेहरा उतरला असता.

“काका, आठवण ठेवलीत, बरं वाटलं. पण बॉक्स परत येतोय. कंपनीचा नियम आहे, आणि तो सगळ्यांना सारखा.”

“साहेब, घरचं समजून पाठवलं होतं.”

“म्हणूनच आधी फोन केला. चहाला मात्र या, दर ठरल्यावर. आमच्या कॅन्टीनचा.”

पलीकडे जरा शांतता. राग आला असावा असं वाटलं. काका उद्यमनोंदणीवाले लघुउद्योजक. कायद्याने लेखी करार असला तरी त्यांचे पैसे 45 दिवसांत सुटायला हवेत.

“बॉक्स येऊ द्या,” काका म्हणाले, “पण साहेब, त्याच गाडीतून जुन्या बिलाचा चेक पाठवता येईल का? साठावा दिवस चाललाय.”

तेवढ्यासाठी मी लगेच अकाउंट्सला फोन लावला. तिथले साहेब दिवाळीच्या रजेवर होते.